तक्रार करा, म्हणजे पुन्हा म्हणा

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मोडी लिपी शिकलो, आणि अक्षरे बऱ्यापैकी लागू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की अक्षर लागले म्हणजे कागद लागला असे होत नाही. अठराव्या शतकातल्या एखाद्या साध्या वसुलीच्या कागदात मी अडखळत असे, आणि गंमत अशी की अडवणारे शब्द बहुतेक वेळा अनोळखी नसत. ते चांगले घरातले शब्द असत, फक्त मला ठाऊक असलेला त्यांचा अर्थ त्या जागी बसत नसे. मोडीच्या वर्गातल्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी सांगितले, की यावर उपाय एकच, थोडी फारसी शिका. म्हणून त्या पावसाळ्यात मी एका संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. शिकवणाऱ्या बाई इराणच्या होत्या, पुण्यात संशोधनासाठी आलेल्या. त्यांना आम्ही सगळे, वयाने दुप्पट असूनही, ‘खानुम’ म्हणत असू.

पहिल्याच तासाला खानुमनी फळ्यावर एक वाक्य लिहिले, ते मोठ्याने वाचले आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “तेकरार कोनीद!” वर्गात शांतता पसरली. माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच विचारले, “अहो, आत्ताच तर आलोय, तक्रार कसली करायची?” खानुमनी पुन्हा तेच म्हटले आणि हाताने खूण केली, तेव्हा उलगडा झाला. त्या आम्हांला वाक्य परत म्हणायला सांगत होत्या. फारसीत ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती.

त्या एका तासात असे धक्के आणखी बसले. हजेरी घेताना खानुमनी प्रत्येकाला “एस्मे शोमा चीस्त?” असे विचारले, म्हणजे ‘तुमचे नाव काय’, हा ‘एस्म’ आपला पोलिसी ‘इसम’ आहे हे मला घरी आल्यावर सुचले. मग त्या म्हणाल्या, ‘दफ्तर’ उघडा, आणि आम्ही पिशव्यांकडे हात नेले. त्यांना वही हवी होती. बरोबर उत्तराला त्या ‘सहीह’ म्हणत. शेवटी त्यांनी धड्याचा ‘खोलासे’ सांगितला, आणि तो खुलासा मुळीच नव्हता, ते धड्याचे सार होते. मी वहीचे पान दुमडून दोन रकाने केले, डावीकडे खानुमचा अर्थ, उजवीकडे माझा. वर्ग संपेपर्यंत पान भरले होते.

यातले बहुतेक शब्द जन्माने अरबी आहेत, हे आधी सांगून टाकले पाहिजे, नाहीतर जाणकार वाचक माझा कान धरतील. पण ते आपल्याकडे आले फारसीच्या हातून, आणि त्याची खूण शब्दांच्या अंगावरच आहे. अरबी ‘हरका’ हा शब्द फारसीने शेवटच्या ‘त’सकट ‘हरकत’ असा घेतला, आणि मराठीत तो त्याच रूपाने आला. अरबीतला जो वर्ण आपल्या कानाला ‘द’ किंवा ‘ध’सारखा लागतो तो फारसीत ‘ज़’ होतो. म्हणून अरबांचा ‘हादिर’ आपल्याकडे ‘हजर’ आहे आणि त्यांचा ‘मध्कूर’ आपल्याकडे ‘मजकूर’. मोल्सवर्थच्या 1831च्या कोशात शब्दापुढे अरबी, फारसी, संस्कृत अशा मुळांची अक्षरखूण असते, आणि माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा फार्शी-मराठी कोश 1925 साली पुण्यातच निघाला. पण कोशात मूळ अर्थ वाचणे वेगळे आणि तो एका माणसाच्या तोंडून सहज, रोजच्या कामात ऐकणे वेगळे.

तिसरा रकाना मला पुढे जोडावा लागला, तो हिंदीचा. त्याचे कारण माझ्या नोकरीतली एक जुनी घटना. आमच्या शाखेत लखनौहून बदलून आलेले एक व्यवस्थापक होते, अतिशय सज्जन, आणि मराठी शिकण्याची त्यांना मनापासून हौस. देवनागरी एकच असल्याने ते ग्राहकांचे अर्ज स्वतः वाचत. एकदा दोन भावांच्या वारसाच्या भांडणात धाकट्याचा अर्ज आला : ‘सदर खात्यातून रक्कम काढण्यास माझी हरकत आहे.’ साहेबांनी तो वाचला, मला आत बोलावले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “देखिए, इसने तो खुद ही मान लिया, यह इसकी हरकत है.” त्यांच्या हिंदीत हरकत म्हणजे आगळीक, करू नये ते कृत्य. आक्षेप नोंदवायला आलेला माणूस त्यांना गुन्ह्याची कबुली देताना दिसला होता. त्याच आठवड्यात मी एका धनादेशावर ‘सही नाही’ असा शेरा मारला, तेव्हा त्यांनी विचारले की यात चूक काय आहे ते तरी लिहा. ‘सही नहीं’ म्हणजे बरोबर नाही, एवढेच त्यांना कळले होते. तेव्हा आम्ही हसलो आणि विसरलो. फारसीच्या वर्गात मात्र साहेब मला वारंवार आठवू लागले, कारण खानुम, साहेब आणि मी असे तिघे एकाच शब्दाच्या तीन कोपऱ्यांत उभे होतो.

‘हरकत’ घ्या. इराणात आगगाडीची सुटण्याची वेळ सांगतात ती ‘हरकत’ची वेळ, मूळ अर्थ हालचाल, एवढाच निर्मळ. हिंदीने हालचालीतून कृती घेतली आणि कृतीतून वाईट कृती. ‘अपनी हरकतों से बाज़ आओ’ म्हणणारा माणूस कुणाच्या सत्कृत्यांविषयी बोलत नसतो. मराठी दुसऱ्या फाट्याने गेली. दुसऱ्याच्या वतनात, शेतात, वहिवाटीत कुणी हालचाल केली, की ती मालकाच्या दृष्टीने अडथळाच असते. तेव्हा हरकत म्हणजे आड येणे, आणि आड येण्याचा सभ्य, लेखी प्रकार म्हणजे आक्षेप. आज महापालिका विकास आराखडा प्रसिद्ध करते तेव्हा ‘हरकती व सूचना’ मागवते. आणि ‘हरकत नाही’ ही तर आपली रोजची संमती आहे, इतकी रोजची की तीत काही नाकारले जात आहे हे कुणाला जाणवतही नाही. मूळ अर्थ मराठीतून पुरता गेला असे मात्र नाही. ख्याल ऐकताना गायकाने आलाप घेता घेता स्वरांची एखादी चपळ, छोटी जागा घेतली, की जाणकार म्हणतात, ‘काय हरकत घेतली!’ तिथे हरकत म्हणजे हालचालच आहे, इराणातल्या आगगाडीच्या जवळची.

‘तकरार’चा प्रवासही असाच दुभंगला. आपलेच म्हणणे परत परत मांडणारी दोन माणसे समोरासमोर आली, की जे होते त्याला हिंदीत तकरार म्हणतात, म्हणजे वादावादी. मराठीत या वादातला एक माणूस उठून कचेरीत गेला आणि त्याने ते म्हणणे लिहून दिले. हिंदीची तकरार दोघांशिवाय होत नाही. मराठी तक्रार एकट्याने करता येते, तिला पेटी असते, नोंदवही असते, क्रमांक असतो, निवारण असते. पुढे ती कागद सोडून शरीरातही शिरली आणि पोटाची तक्रार, गुडघ्यांची तक्रार असे आपण म्हणू लागलो. एवढे झाले तरी मूळ अर्थ खोटा ठरत नाही, असे बँकेतल्या तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. एकदाच केलेल्या तक्रारीचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.

माझ्या तीन रकान्यांकडे पुष्कळ दिवस पाहिल्यावर मला एक गोष्ट दिसू लागली, आणि ती दिसल्यापासून हे शब्द भरकटलेले वाटेनासे झाले. मराठीत आलेल्या या शब्दांपैकी फार मोठा गट बोलण्यातून आलेला नाही, कागदातून आला आहे. बहामनी काळापासून दख्खनच्या दरबारांचा लेखी कारभार फारसीत किंवा फारसीच्या साच्यात चालला. गावचा कुलकर्णी किंवा महालाचा कारकून फारसी बोलत नव्हता. त्याला अमुक प्रकारच्या कागदावर अमुक जागी कोणता शब्द येतो तेवढे ठाऊक असायचे. तेव्हा शब्दाचा अर्थ त्याने फारसी व्याकरणातून घेतला नाही, त्या शब्दाच्या कागदावरच्या जागेवरून घेतला.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ‘सही’ आहे. अधिकाऱ्यापुढे कागद येई, तो वाचून पाही आणि खाली ‘सही’ असा शेरा करी, म्हणजे ‘बरोबर आहे’. तो शब्द कागदाच्या शेवटी, अधिकाऱ्याच्या हातचा आणि त्याशिवाय कागद निरुपयोगी. जो माणूस फक्त कागदाकडे पाहतो, शब्दाच्या मुळाकडे पाहत नाही, त्याला ‘सही’ म्हणजे काय वाटेल? तळाशी अधिकाऱ्याने हाताने काढलेली खूण. बरोबर असण्याचा अर्थ गळून गेला आणि खूण तेवढी उरली. गुजरातीतही सही म्हणजे स्वाक्षरीच, आणि बंगालीतला ‘सोइ’ही तोच. हिंदीत मात्र ‘सही’ आपल्या मूळ अर्थाला घट्ट धरून बसला आणि स्वाक्षरीसाठी दस्तखत व हस्ताक्षर हे शब्द उभे राहिले. त्यातला हस्ताक्षर मराठी माणसाला पुन्हा चकवतो, कारण आपल्याकडे हस्ताक्षर म्हणजे अक्षराचे वळण. अलीकडे आमची नातवंडे एखादी गोष्ट आवडली की ‘सही!’ म्हणतात. तो हिंदीकडून परत आलेला शब्द आहे, आणि आजोबांची ‘सही’ त्याची सख्खी बहीण असून दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

‘मजकूर’चे तसेच. ‘ज़िक्र’ म्हणजे उल्लेख, आणि मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला तो, उपरोक्त. जुन्या मराठी कागदांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला गाव आणि ‘साल मजकूर’ म्हणजे चालू साल. मोडी शिकताना मी पहिल्यांदा अडलो तो याच ‘साल मजकूर’पाशी, मला वाटले, त्या साली काहीतरी लिहिले गेले असावे. गावाच्या, परगण्याच्या, सालाच्या, माणसाच्या, प्रत्येक नामाच्या मागे हा शब्द पानभर पसरलेला असे. कागदभर जे आहे ते मजकूर, असे ज्याने ठरवले असेल त्याला दोष देता येणार नाही. ‘वर सांगितलेला’ या विशेषणाचे ‘जे लिहिले आहे ते’ असे नाम झाले, छापखाना आल्यावर वर्तमानपत्राचा मजकूर झाला, आणि आज समाजमाध्यमांवर ‘आक्षेपार्ह मजकूर’ टाकल्याबद्दल गुन्हा नोंदवतात. गुन्ह्याच्या त्याच कागदात उपरोक्त या अर्थासाठी ‘सदर’ येतो, आणि त्याची कथा आणखी विचित्र आहे. अरबीत सद्र म्हणजे छाती. त्यावरून पुढचा भाग, मानाची जागा, त्या जागी बसणारा. हिंदीत तो अध्यक्ष झाला. आपल्याकडे वाड्यातली कारभाराची बैठक म्हणजे सदर, कागदाच्या शिरोभागी आलेला तो ‘सदर इसम’, आणि नियतकालिकात ठरलेल्या जागी येणारे लेखन तेही सदर.

आता तो ‘इसम’. खानुमनी नाव विचारले होते. ठाण्यातला हवालदार नाव कळले नाही की ‘अज्ञात इसम’ लिहितो, म्हणजे शब्दशः पाहिले तर ‘अज्ञात नाव’. मी हे खानुमना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, की मग तो शब्द अगदी बरोबर आहे, नावच तर कळलेले नाही! खरी वाट मात्र यादीची आहे. नोकरांची, कुळांची, शिपायांची यादी करताना एका रकान्यात नावे येत, आणि शेवटी मोजणी होई ती नावांची. दहा नावे म्हणजे दहा माणसे. मोजणाऱ्याला नावाशी घेणे नव्हते, पगार किंवा वसुली माणसामागे होती, म्हणून इसम नावाचा माणूस झाला. याच ‘इस्म’चे अनेकवचन ‘अस्मा’ आणि त्या अनेकवचनाचे पुन्हा अनेकवचन ‘असामी’. अरबीतली ही दुहेरी गर्दी मराठीत एकच माणूस होऊन बसली, आणि तोही थोडा वजनदार : बडी असामी. हिंदी पट्ट्यात असामी म्हणजे जमीनदाराचे कूळ किंवा सावकाराचा ऋणको. कारण तिथल्या वहीत नाव मांडले जाई ते देणेकऱ्याचे. कोणाची वही होती त्यावरून माणसाची पत ठरली.

वहीचाच विषय निघाला आहे, तर दप्तराकडे यावे. हा शब्द फारसीत ग्रीकांकडून आला असे मानतात. ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. हिरोडोटसने लिहून ठेवले आहे, की आयोनियाचे लोक पपायरसच्या कागदालाही कातडे म्हणत, कारण पूर्वी ते कातड्यावर लिहीत. म्हणजे त्या शब्दाचा अर्थ इराणात पोचण्याआधीच एकदा सरकला होता. फारसीत दफ्तर म्हणजे नोंदवही. इराणी शाळेत मुलाची वही म्हणजे दफ्तर आणि साहेबाची कचेरीही दफ्तर. हिंदीने त्यातली कचेरी उचलली. लखनौचे साहेब रोज सकाळी दफ्तरला येत आणि माझा मुलगा त्याच वेळी पाठीला दप्तर लावून शाळेत जाई.

मराठीत वही, कचेरी आणि पिशवी यांमध्ये जो दुवा आहे तो पुण्याच्या पेशवे दप्तरात अजून पाहता येतो. जुने कागद कपाटात पुस्तकांसारखे उभे ठेवलेले नाहीत. सुटे बंद, लांब पट्ट्या, वह्या असे सगळे एका चौकोनी कापडात घालून, चार टोके बांधून गाठोडे केलेले असते, आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. अभ्यासक क्रमांक देऊन रुमाल मागवतो. रू म्हणजे चेहरा आणि माल म्हणजे पुसणारा. फारसीतले हे तोंड पुसायचे फडके इथे राज्याचे हिशेब गुंडाळून बसले आहे. (डोक्याला बांधायचाही रुमाल असे, आणि इराणी माणूस आज खिशातल्या रुमालाला ‘दस्तमाल’ म्हणतो, हात पुसणारा.) दप्तर म्हणजे नोंदी, मग त्या नोंदींचा संग्रह, मग तो संग्रह जसा बांधलेला असे ते गाठोडे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात या संग्रहातून निवडलेले कागद 45 भागांत छापले, त्या मालेच्या नावातला ‘दफ्तर’ संग्रह या अर्थाचा आहे. पण गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर म्हणजे कापडात बांधलेले बोचके, आणि त्याचे पोर शाळेत जाताना पाटी-पुस्तक तशाच फडक्यात बांधून नेई. बोचके तेच, नाव तेच. पुढे फडक्याची पिशवी झाली, पिशवीला पट्टे आले, आत पाण्याची बाटली आणि डबा आला. आज दप्तराच्या ओझ्यावर परिपत्रके निघतात तेव्हा त्यात लिहिण्याजोगे काय आहे हा प्रश्न गौण असतो.

हे सगळे कागदाचे झाले. पण दरबारात कागदाशिवाय बसणे-उठणेही होते, आणि तिथून आलेल्या दोन शब्दांनी मराठी व हिंदी यांच्यात कामाची वाटणी करून घेतली आहे. फारसी ‘बरखास्त’ म्हणजे ‘उठला’. साधे भूतकाळी क्रियापद. राजा उठला की दरबार संपला. त्यावरून दरबार बरखास्त झाला, म्हणजे मोडला. मराठीने हा समूहाचा अर्थ जपला आणि आपल्याकडे सभा, समिती, संचालक मंडळ, विधानसभा बरखास्त होते. हिंदीत एकेकटा नोकर बर्खास्त होतो. त्याला आसनावरून उठवलेले असते. मराठीत नोकराला काढायचे तर दुसरा शब्द आहे, बडतर्फ. तो ‘बर तरफ’ यावरून आला, अर्थ ‘बाजूला’. इराणात आजही अडचण दूर केली की ती ‘बरतरफ’ केली म्हणतात. ‘बर’चे ‘बड’ झाल्यामुळे मराठी कानाला त्यात काहीतरी मोठे, भारी असल्यासारखे वाटते, आणि नोकरी जाणे हे बाजूला होण्याइतके हलके नसल्यामुळे तो भारीपणा शब्दाला शोभतो. एका मराठी सहकाऱ्याने एकदा साहेबांना सांगितले, की कर्मचारी संघटनेची कार्यकारिणी बरखास्त झाली. साहेबांना वाटले की अकरा जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ते चहा अर्धा टाकून उठले.

‘खुलासा’ या शब्दापाशी मात्र माझा कागदाचा सिद्धान्त थोडा लंगडतो. अरबी धातू ख-ल-स, त्याचा गाभा शुद्ध होणे, सुटून वेगळे होणे. गाळून काढलेले सार ते खुलासा. खानुमचा ‘खोलासे’ तोच. मराठी कार्यालयात खुलासा मागवतात तो कारणे दाखवा नोटिशीनंतर, आणि त्याचा अर्थ स्पष्टीकरण. हिंदी बातम्यांत ‘बड़ा ख़ुलासा’ म्हणजे गौप्यस्फोट. सारापासून स्पष्टीकरणापर्यंतची वाट दिसते, कारण सविस्तर हकीकतीचे सार दिले की ती स्पष्ट होते. पण गौप्यस्फोटापर्यंत शब्द कसा पोचला? मला वाटते, तिथे ‘खुला’ आणि ‘खुलना’ हे आपले शब्द आडवे आले. ज्याला मूळ ठाऊक नाही तो ‘खुलासा’त ‘खुले’ ऐकणारच, आणि झाकलेले उघडे झाले असेच समजणार. याच धातूचे इतर वंशज मराठीत इतके विखुरले आहेत, की त्यांना एका घरातले म्हणवत नाही. कुणाची वाटणी नसलेली, शुद्ध सरकारी जमीन ती खालसा, म्हणून जप्त करून सरकारात जमा करणे म्हणजे खालसा करणे; 1848 साली डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले ते याच शब्दाने आपण सांगतो. सुटका ती खलास, पण आपल्याकडे खलास झालेला माणूस सुटलेला नसतो, किंवा फारच कायमचा सुटलेला असतो. आणि ‘निखालस’, ज्यात आपला ‘नि’ त्यांच्या ‘खालिस’ला जोडला आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना मला स्वतःलाच द्यावी लागते, कारण तीन रकाने भरण्याच्या उत्साहात मी बऱ्याच चुका केल्या. अर्थ बदललेला दिसला की तो मराठीने बदलला असे मी लिहून मोकळा होई. ‘तमाशा’समोर मी मोठ्या अभिमानाने लिहिले होते, की मूळ अरबी अर्थ बरोबर चालणे, फेरफटका, आणि मराठीने त्याचा खेळ केला. खानुमनी ते वाचून मान हलवली. इराणात दूरचित्रवाणी पाहणे म्हणजेही ‘तमाशा करणे’. फेरफटक्याचे पाहणे झाले ते फारसीत, आपल्याकडे यायच्या आधी. आपण फक्त पाहण्यावरून पाहायच्या खेळावर आलो, आणि ढोलकी जोडली. ‘गरीब’चेही तसेच. अरबीत तो परका, वेगळा. हिंदीतल्या ‘अजीबोग़रीब’मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. पण परक्या माणसाला आधार नसतो हा विचार जुन्या फारसीनेच केला होता. आपण त्यात भर घातली ती गरीब स्वभावाची, जो पैशाने सधन माणसाचाही असू शकतो. तेव्हा बदल कोणी केला हे ठरवायचे, तर मूळ अरबी, जुनी फारसी, आजची इराणी बोली, हिंदी आणि मराठी अशा पाच ठिकाणी शब्द तपासावा लागतो. दोनच टोके पाहिली की मधल्यांचे श्रेय आपण लाटतो.

आणि काही शब्दांनी कागदाला कधी हातच लावला नाही. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. हिंदीत आजही शाळा-कॉलेजचे. मराठीत तिला लाल माती लागली. शिकवण्यावरून कसून करवून घेतलेला सराव, आणि सरावावरून त्याची जागा : पहिलवानांची तालीम. पुण्यात मानाच्या तिसऱ्या गणपतीचे नाव गुरुजी तालीम आहे, आणि ते नाव मी साहेबांना नुसते सांगितले असते, तर त्यांनी नक्कीच एखाद्या विद्यालयाची कल्पना केली असती. नाटकवाल्यांनी सरावाचा अर्थ उचलून तालमी सुरू केल्या. नाटकाच्या तालमीत तेच तेच वाक्य परत म्हणायला लावतात, म्हणजे तिथे तालीम आणि तकरार दोन्ही आपल्या मूळ अर्थाच्या आसपास येतात.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, 1674च्या आगेमागे, रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला राजव्यवहारकोश तयार झाला. त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. अष्टप्रधानांची पदे बदलली, पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य. पुढे पेशवा परत आला आणि राज्यच त्याच्या नावाने ओळखले गेले. पदांची नावे वरून बदलता आली, कारण ती मोजकी होती. मजकूर, इसम, हरकत, तक्रार, सही यांना वरून कोणी हलवू शकले नाही, कारण तोवर ते शब्द परके अर्थ टाकून देऊन मराठी कारकुनाच्या कामाचे झाले होते.

वर्गाच्या अखेरीस खानुमनी सगळ्यांच्या वह्या पाहायला घेतल्या. माझे तीन रकाने, लाल-निळ्या शाईच्या रेघा आणि समासातल्या शंका बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ख़ैली मोरत्तब!” फार नीटनेटकी वही, असा त्याचा अर्थ. मला मोडीचे कागद आठवले. त्या काळच्या पत्राच्या अगदी तळाशी, सगळे लिहून झाल्यावर, एक छोटी मुद्रा उठवत, ‘मोर्तब सुद’. फारसीत ‘मुरत्तब शुद’, म्हणजे ‘नीट रचून झाले’. शिक्का वर आणि मोर्तब खाली, या दोन टोकांमध्ये कागद बंद होई. यापुढे त्यात कोणाला ओळ घुसडता येऊ नये म्हणून. आपण आता दोन्ही टोके एकत्र करून ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो आणि त्याचा अर्थ अंतिम मंजुरी घेतो. मी खानुमना कागदाची प्रत दाखवली. त्यांनी मोडी अक्षरांवरून बोट फिरवत मला वाचायला सांगितले, ऐकले, आणि म्हणाल्या, “तेकरार कोनीद.” मी पुन्हा वाचले.